शेरूचं वजन, किलोत आणि पौंडात

"काकू, लेकीकडं अमेरिकेला कुत्रा पाठवलात तेव्हा डॉक्टरांना त्याचं वजन पौंडात काढून चिठ्ठी दिली होती म्हणे. 2.2 नं गुणलं की झालं ना? त्यात एवढं काय?"

गुणाकार तेवढाच आहे. पण त्या एका ओळीत माझी एक चूक झाली होती. ती नंतर किती लांब गेली असती हे कळल्यापासून मी ही चिठ्ठी कुणालाही नीट बसवून सांगते.

शेरू आमचा गावठी कुत्रा. लेकीनंच रंकाळ्याजवळून पिल्लू असताना उचलून आणलेला. ती तिकडं स्थिरावली आणि त्याला न्यायचं ठरलं. रेबीजची लस, मायक्रोचिप, रक्ताची तपासणी यांत कित्येक महिने गेले. त्याबद्दल इथं लिहीत नाही. शेवटी विमान कंपनीचा फॉर्म आला. त्यात कुत्र्याचं वजन, पिंजऱ्याचं वजन आणि दोन्हींची बेरीज अशा तीन चौकटी होत्या आणि तिन्हींपुढं lb असं छापलेलं होतं. ते आकडे आमच्या जनावरांच्या डॉक्टरांच्या सहीनं जायचे होते. दवाखान्यातला काटा मांजरापुरता, टेबलावरचा. शेरू त्यावरून घसरायचा. म्हणून डॉक्टर म्हणाले, "काकू, चांगल्या काट्यावर वजन करा आणि मला लिहून पाठवा."

आधी घरीच केलं. मी एकटी काट्यावर उभी राहिले, मग त्याला उचलून पुन्हा उभी राहिले आणि वजाबाकी केली. तीनदा केलं आणि तीन उत्तरं आली: 14.1, 14.4, 14.3. कारण साधं आहे. दोन वजनं घेतली म्हणजे काट्याची चूक दोनदा शिरते, आणि तो हातात वळवळत असतो. लहान कुत्र्यासाठी दुसरा इलाज नसेल तर ही रीत चालते, पण तीनदा करून मधला आकडा धरायचा. आमच्या नात्यातल्या एकांची शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. तिथं गुळाचे रवे तोलायचा सपाट काटा असतो आणि त्यावर वैधमापन खात्याचा त्या वर्षाचा शिक्का असतो. सकाळी काही खायला न देता शेरूला तिथं नेला, बसवला आणि आकडा थांबेपर्यंत थांबलो. 14.2 किलो. मग रिकामा पिंजरा ठेवला, 6.5 किलो. उपाशीपोटी अशासाठी, की वाडगाभर पाणी प्यायला तरी वजन दोनशे-तीनशे ग्रॅमनं हलतं. पोट भरलेलं असेल तर मोजणी कशाची झाली तेच समजत नाही.

आता पौंड. आमची आजी गूळ "दोन रतल" असा सांगायची. रतल म्हणजे पौंडच. 1956 च्या कायद्यानंतर आपल्याकडं किलो आला आणि रतल बोलण्यातून गेला. फॉर्मवरचं lb हे लॅटिन libra या शब्दाचं लघुरूप आहे, म्हणून पौंड या शब्दात नसलेली अक्षरं तिथं दिसतात. पहिल्यांदा पाहणारा तिथंच अडखळतो. 1959 पासून एक पौंड म्हणजे 0.45359237 किलो असं ठरलेलं आहे. उलट काढलं तर एका किलोचे साधारण 2.2046 पौंड होतात.

तोंडी करायचं तर दुप्पट करा आणि त्या दुपटीचा दहावा भाग त्यात मिळवा. 14.2 ची दुप्पट 28.4, तिचा दहावा भाग 2.84, मिळून 31.24. पूर्ण आकड्यानं गुणलं तर 31.306 येतं. दोन्हींतला फरक तीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शेरूच्या दोन घोट पाण्याएवढा. त्यामुळं 2.2 चुकीचं नाही. पण फोनवर गुणाकार करून पडद्यावर दिसतं तसं 31.3056 लिहिणं मात्र मला पटत नाही. आमचा काटा शंभर ग्रॅमच्या टप्प्यानं दाखवत होता. शंभर ग्रॅम म्हणजे 0.22 पौंड, म्हणजे पौंडाचा पहिला दशांशसुद्धा आपल्याला नेमका ठाऊक नाही. चिठ्ठीत 31.3 पुरे. आणि हा .3 म्हणजे तीन औंस नव्हे. पौंडाचे औंस सोळा, म्हणून .3 म्हणजे पाच औंसांच्या जवळपास. फॉर्मवर औंसाची वेगळी चौकट असेल तर 31 पौंड 5 औंस असं भरायचं.

इथवर सगळं ठीक होतं. चूक यानंतर झाली. रात्री घाईत मी डॉक्टरांच्या दवाखान्याच्या फोनवर फक्त एवढंच पाठवलं: "शेरूचं वजन 31.3." माझ्या डोक्यात फॉर्म होता, म्हणून पौंड धरूनच लिहिलं. तिथल्या मुलानं तो आकडा शेरूच्या केसपेपरवर उतरवला. दवाखान्यात वजन नेहमी किलोतच लिहितात, त्यामुळं त्यानं किलोच समजला. त्याचा काही दोष नाही. दुसऱ्या दिवशी जंताच्या औषधाची वेळ होती. ते औषध दर 10 किलोला एक गोळी या मापानं देतात. 14.2 किलोला दीड गोळी बसते, 31.3 ला तीनच्या वर जाते. डॉक्टरांनी केसपेपर हातात घेतला, शेरूकडं पाहिलं आणि म्हणाले, "काकू, हा एकतीस किलोचा कधी झाला?" ते स्वतः समोर होते म्हणून थांबलं. जंताच्या औषधानं कदाचित फार बिघडलं नसतं, पण हाच केसपेपर भुलीच्या इंजेक्शनाच्या वेळी समोर असता तर? भूलसुद्धा किलोवरच मोजतात आणि दुपटीहून जास्त डोस गेला असता. त्या रात्री मला झोप आली नाही.

उलटी चूकही होते. 14.2 हाच आकडा lb च्या चौकटीत भरला, तर कागदावर कुत्रा निम्म्याहून हलका होतो, आणि काउंटरवर पिंजरा काट्यावर चढला की कागद आणि काटा जुळत नाहीत. तिसरीही पाहिली आहे. पौंडाचा आकडा किलो समजून पुन्हा 2.2 नं गुणला आणि शेरूएवढा कुत्रा 69 पौंडांचा झाला. म्हणून उलटं पडताळून बघायचं. पौंडाचं निम्मं करा आणि त्यातून त्याचा दहावा भाग काढा. 31.3 चं निम्मं 15.65, दहावा भाग 1.57, उरले 14.1. आपल्या 14.2 च्या शेजारीच येतं. चूक असती तर सहा किंवा तीस असं काहीतरी आलं असतं, ते लगेच डोळ्यांत खुपलं असतं.

बेरजेची चौकट आणखी नाजूक असते. आमच्या फॉर्मवर पूर्ण पौंडच घेत होते, दशांश टाकला की चौकट लाल व्हायची. मी आधी शेरूचे 31 आणि पिंजऱ्याचे 14 असे पूर्ण आकडे करून 45 लिहिले. मग किलोतच बेरीज करून पाहिली, 14.2 अधिक 6.5 म्हणजे 20.7 किलो. त्याचे पौंड 45.6, म्हणजे 46. एक पौंड कुठून आला? दोन वेळा खाली उतरवताना दोन्हीकडचे .3 सुटले होते. तेव्हा बेरीज किलोत करायची, पौंड एकदाच काढायचे आणि पूर्णांक अगदी शेवटी करायचा.

वजन मर्यादेच्या जवळ असेल तर आणखी एक विचारून घ्या. विमान कंपन्या 23 किलो आणि 50 पौंड हे आकडे शेजारी शेजारी छापतात, पण ते सारखे नाहीत. 50 पौंड म्हणजे 22.68 किलो. पिंजऱ्यासह 22.9 किलो भरलं तर ते किलोच्या मर्यादेत बसतं आणि पौंडाच्या मर्यादेबाहेर अर्धा पौंड जातं. त्यातला कुठला आकडा खरा धरणार हे कंपनीकडूनच लेखी घ्यायचं, आपण ठरवायचं नाही.

दुसऱ्यांदा मी चिठ्ठी कागदावर लिहिली आणि स्वतः नेऊन दिली. अशी:

"डॉक्टर, नमस्कार. शेरूचं वजन आज सकाळी उपाशीपोटी, मार्केट यार्डातल्या सपाट काट्यावर: 14.2 किलो. विमानाच्या फॉर्मसाठी तेच वजन पौंडात: 31.3 पौंड. रिकामा पिंजरा 6.5 किलो. दोन्ही मिळून 20.7 किलो, म्हणजे 45.6 पौंड, फॉर्मवर 46. केसपेपरवर आणि औषधासाठी कृपया किलोचाच आकडा धरावा. आधीचा 31.3 किलो नव्हता, तो खोडावा."

किलो आधी लिहिला, कारण मोजला तो किलोत. पौंड त्यातून काढलेला आहे. प्रत्येक आकड्यामागं एकक लिहिलं, पुन्हा पुन्हा झालं तरी. तारीख वरच्या कोपऱ्यात होती. डॉक्टरांनी केसपेपरवरचा जुना आकडा खोडून बाजूला सही केली, शेरूला पुन्हा एकदा उचलून अंदाज घेतला आणि मग फॉर्मवर शिक्का मारला.

मुंबईला काउंटरवर पिंजरा तोलला तेव्हा काट्यावर 20.9 किलो दिसले. आत लेकीची जुनी ओढणी घातली होती आणि पाण्याचं भांडं भरलेलं होतं. तिथल्या मुलीनं फॉर्मवरचे 46 पाहिले, काट्याकडं पाहिलं आणि पिंजऱ्यावर चिठ्ठी डकवली. जाळीतून शेरूनं माझी बोटं चाटली.