दोनशे मेसेज, आठ प्रश्न

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीजवळच्या एका हापूसवाल्या काकांकडे दिवसभराचं काम होतं. त्यांची वेबसाइट आधीच तयार होती आणि तिच्यावर ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ असं एक पानही होतं. त्यावर अकरा प्रश्न होते. पहिला होता ‘आमचे वैशिष्ट्य काय?’ आणि दुसरा ‘आमच्याकडूनच आंबे का घ्यावेत?’ असले प्रश्न गिऱ्हाईक कधी विचारत नाही. एप्रिलमध्ये मात्र घरातला फोन सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत वाजत असे. पेट्या भरण्याच्या वेळेला घरातलं एक माणूस फोनलाच अडकून पडायचं. ते पान नव्यानं लिहून फोन कमी करायचे, एवढंच काम होतं.

फोन आणि व्हॉट्सॲप घरातल्या वहिनी सांभाळतात. मी त्यांना एकच मागितलं: मागच्या एप्रिलमधले गिऱ्हाइकांचे मेसेज. नेहमी काय विचारतात, हे मालकाला तोंडी विचारलं तर त्याला शेवटचं भांडण आणि सगळ्यात विचित्र गिऱ्हाईक एवढंच आठवतं. रोज तीसदा आलेला साधा प्रश्न सवयीचा होऊन जातो आणि यादीत येतच नाही. म्हणून मी आणि वहिनी शेजारी बसलो आणि 10 एप्रिलपासून पुढचे 200 चौकशीचे मेसेज एकेक करून शीटमध्ये उतरवले. रकाने तीनच होते. गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे, ऑर्डरच्या आधी विचारलं की नंतर, आणि वहिनींनी काय उत्तर दिलं. याला अडीच तास लागले. शब्द जसेच्या तसे घेणं फार महत्त्वाचं असतं. ‘परिपक्वता’ हा शब्द 200 मेसेजमध्ये एकदाही आला नव्हता. लोकांनी लिहिलं होतं, ‘तयार येतो का कच्चा?’

मग गठ्ठे केले. इथे एक चूक हमखास होते, ती म्हणजे सारखे दिसणारे प्रश्न एकत्र टाकणं. ‘पेटी कधी येईल?’ या शब्दांचे 70 मेसेज निघाले. दुसरा रकाना पाहिला तर त्यातले 29 ऑर्डरच्या आधीचे होते. पुण्याला, ठाण्याला, नाशिकला किती दिवस लागतात, हे त्यांना हवं होतं. उरलेले 41 पैसे भरून झाल्यानंतरचे होते, म्हणजे माझी पेटी आत्ता कुठे आहे? पहिल्याचं उत्तर सगळ्यांना एकच असतं. दुसऱ्याचं प्रत्येकाला वेगळं असतं, म्हणून ते प्रश्नोत्तरांच्या पानावर लिहिताच येत नाही. कितीही छान लिहिलं तरी तो माणूस फोन करणारच. त्यावर उपाय एकच: पेटी निघाली की त्याच संध्याकाळी पार्सलच्या पावतीचा नंबर आणि पोचण्याचा दिवस लिहून मेसेज पाठवायचा.

दराचंही तसंच. 46 मेसेज ‘आज डझनाचा भाव काय?’ असे होते. भाव दर आठवड्याला बदलतो, आणि जुन्या पानावर मागच्या वर्षीचा दर तसाच राहिला होता. त्यामुळे लोक तो वाचून खात्री करायला फोन करायचे, म्हणजे उत्तर असूनही फोन वाढत होते. दर आम्ही प्रश्नोत्तरांतून काढला. ऑर्डरच्या बटणाच्या वर तो तारखेसकट ठेवला, ‘हा दर 12 एप्रिलपर्यंत’ अशा पद्धतीनं. बदलणारी गोष्ट एकाच जागी असावी, दोन ठिकाणी असली की एक शिळी राहतेच.

म्हणजे 200 पैकी 87 प्रश्न या पानाचे नव्हतेच. ते वहिनींना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग पान करून उपयोग काय?” उपयोग उरलेल्यात होता. आंबा कच्चा-पिका आणि घरी पिकवण्याचे 38, किती दिवस लागतात याचे 29, खराब निघाला तर काय याचे 22 आणि आमच्या गावाला पाठवता का याचे 12. हे 101 प्रश्न लिहून सुटण्यासारखे होते, आणि त्यांतूनच पानासाठी आठ प्रश्न निघाले. शेवटचे 12 सुटे सुटे होते, ते सोडून दिले.

दुपारनंतर लिहायला घेतलं. पिकवण्याचं उत्तर आधी वहिनी काय पाठवत होत्या ते पाहिलं: ‘गवतात ठेवा, 4-5 दिवसांत तयार होईल.’ याला हमखास परत प्रश्न यायचा. गवत नसेल तर? फ्रीजमध्ये ठेवू का? पाचव्या दिवशी हिरवाच आहे, खराब झालाय का? एका उत्तरातून तीन मेसेज निघत असतील तर ते उत्तर अर्धवट आहे, असं समजावं. शेवटी पानावर गेलं ते असं:

‘आंबा तयार येतो का कच्चा? — कच्चा येतो, घरी पिकवावा लागतो. पेटी आल्याबरोबर उघडा. आंबे एकावर एक न ठेवता एका थरात, गवतावर किंवा साध्या वर्तमानपत्रावर, घरातल्या हवेशीर जागी ठेवा. रोज एकदा हात फिरवून बघा, मऊ झालेला आधी खा. हवा गरम असेल तर लवकर, नाहीतर उशिरा, असे साधारण 4 ते 8 दिवस लागतात. रंगावर जाऊ नका. देठाजवळ गोड वास आला आणि हलक्या दाबानं किंचित दबला की आंबा तयार. तयार होईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवू नका.’

शेवटच्या वाक्यामागचं कारण काकांनी सांगितलं आणि ते आम्ही एका ओळीत घातलं. कच्चा हापूस फार थंडीत गेला की साल काळवंडते आणि मग बाहेर काढला तरी नीट पिकत नाही. कारण दिलं की लोक सूचना पाळतात. नुसतं ‘ठेवू नका’ म्हटलं की ‘पण एक दिवस ठेवला तर?’ असा मेसेज येतो. सुरकुत्यांचा प्रश्नही इथूनच वेगळा काढला, कारण पिकलेल्या हापूसची साल जराशी सुरकुतली की लोक तो खराब समजून फोटो पाठवत होते.

प्रत्येक उत्तराची सुरुवात आम्ही मुद्दाम दोन-तीन शब्दांच्या थेट उत्तरानं केली. ‘कच्चा येतो.’ ‘हो, पाठवतो.’ ‘फ्रीजमध्ये नको.’ माणूस मोबाइलवर, बहुधा कामाच्या मधेच वाचत असतो. ‘आमच्या बागेतील आंबे नैसर्गिक पद्धतीने’ अशी सुरुवात झाली की तो उत्तराला पोचायच्या आधीच फोन लावतो.

सगळ्यात जास्त वेळ साक्याला गेला. साका म्हणजे बाहेरून उत्तम दिसणारा हापूस कापल्यावर आतून पांढरट, रबरासारखा आणि आंबट निघणं. साल बघून, वास घेऊन तो कळत नाही, बागायतदारालाही नाही. काकांना हे पानावर नको होतं. “आपणच लिहायचं की आंबा खराब निघतो? मग घेईल कोण?” त्यांची भीती मला समजत होती. पण शीटमध्ये 22 लोकांनी विचारलं होतं, त्यातले 15 कापल्यानंतर, चिडून. प्रत्येकाला वहिनींनी त्या त्या वेळेच्या मनःस्थितीप्रमाणे वेगळं उत्तर दिलं होतं. कोणाला दोन आंबे जास्तीचे, कोणाला पैसे परत, कोणाला नुसतं सॉरी. त्यातले दोघे एकाच सोसायटीत राहणारे होते, आणि त्यांनी आपापसांत बोलून परत फोन केला होता. नियमच ठरलेला नसेल तर लिहिणारा काहीही लिहू शकत नाही. म्हणून लिखाण थांबवून आम्ही आधी नियम ठरवला: कापल्या दिवशीच कापलेल्या फोडींचा फोटो पाठवायचा, पेटी मिळाल्यापासून 10 दिवसांच्या आत. मग तेवढ्या आंब्यांचे पैसे परत. 10 दिवस अशासाठी की पिकायलाच 8 लागू शकतात. काकांनी आधी 2 दिवस म्हटलं होतं, त्या मुदतीत आंबा कापलाच गेला नसता.

दिवसांच्या उत्तरातही असाच एक खड्डा होता. ‘3 ते 4 दिवसांत मिळेल’ असं पूर्वी लिहिलेलं. कधीपासून? गिऱ्हाईक पैसे भरल्या दिवसापासून मोजतं आणि काका पेटी निघाल्या दिवसापासून. मधे तोडणीचा नंबर लागायला चार-पाच दिवस जातात. आता दोन वाक्यं केली: ‘ऑर्डरनंतर पेटी निघायला 5 दिवसांपर्यंत लागतात, कारण तोडणी ऑर्डरप्रमाणे होते. निघाल्यापासून मुंबई-पुण्याला 2 दिवस.’ बाकीच्या गावांची यादी पिनकोडसह खाली दिली.

पान तयार झाल्यावर ते कुठे ठेवायचं, हा प्रश्न उरला. मेन्यूच्या तळाशी ठेवलेलं पान कोणी उघडत नाही. पिकवण्याचं आणि दिवसांचं उत्तर ऑर्डरच्या बटणाखालीच दिसेल असं केलं, आणि आठही प्रश्नांचं पूर्ण पान वेगळं. प्रत्येक प्रश्नाला स्वतःची खूण दिली:

```
<h3 id="saka">कापल्यावर आतून पांढरट निघाला तर?</h3>
```

यामुळे पत्त्याच्या शेवटी `#saka` लावला की थेट तेच उत्तर उघडतं. वहिनींनी हे आठ दुवे व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये टाकले. `/saka` टाइप केलं की एक ओळीचं उत्तर आणि खाली दुवा. एक ओळ आधी हवीच, नुसता दुवा पाठवला की माणसाला टाळल्यासारखं वाटतं. प्रश्नावर दाबल्यावरच उत्तर उघडेल अशा मिटलेल्या पट्ट्या लावल्या नाहीत. आठच प्रश्न होते, सरळ उघडे ठेवले की अंगठ्यानं सरकवताना सगळे दिसतात.

वेबसाइट करणाऱ्यानं पूर्वी सांगितलं होतं की प्रश्नोत्तरांचा, म्हणजे एफएक्यूचा, खास कोड टाकला की गुगलवर आपल्या नावाखाली प्रश्न उघडतात. गुगलनं ऑगस्ट 2023 मध्ये ती सोय बहुतेक साइटसाठी बंद केली आणि नावाजलेल्या सरकारी व आरोग्याच्या साइटपुरती ठेवली. आंबेवाल्यानं त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

संध्याकाळी काकांच्या पुतण्याला मोबाइल दिला आणि पाच गोष्टी शोधायला सांगितल्या. चार त्यानं पटकन काढल्या. पाचवी होती ‘कापल्यावर आंबा खराब निघाला तर काय?’ त्याला ती सापडली नाही, कारण शीर्षकात मी तोवर ‘साका’ लिहिलं होतं आणि पुण्यात वाढलेल्या त्या मुलाला तो शब्दच माहीत नव्हता. तेव्हा शीर्षक बदलून ‘आतून पांढरट’ केलं. साका हा शब्द उत्तराच्या आत गेला.

एप्रिलच्या मध्यावर वहिनींनी पुन्हा 200 मेसेज मोजून पाठवले. पिकवण्याचे 38 होते ते 11 झाले. साक्याचे 22 चे 17 झाले, पण त्यातल्या 12 जणांनी न भांडता आधी फोटोच पाठवला होता. ‘माझी पेटी कुठे’ मात्र 41 वरून 36 वरच आला. विचारलं तर कळलं की गर्दीच्या दिवसांत संध्याकाळचा मेसेज पाठवायचा राहून जात होता. आता पेटीवर पत्ता चिकटवणारा मुलगाच पावतीचा फोटो काढून तिथल्या तिथे पाठवतो. आणि एक नवा प्रश्न सात वेळा आला: दुपारी घरी कोणी नसतं, वॉचमनकडे पेटी ठेवाल का? तो नववा म्हणून पानावर चढला: ‘हो, ठेवतो. ऑर्डर देताना वॉचमनचा नंबर लिहा, आणि संध्याकाळी पेटी घरी नेल्याबरोबर उघडा.’