दीड महिन्याची सुई आणि त्या रात्रीचा ताप

"डॉक्टर, दीड महिन्याचा डोस दिला त्या रात्री बाळ तापलं, रडून रडून जीव नकोसा केला. आता अडीच महिन्याचा द्यायचा का, की जरा मोठं होऊदे, मग देऊ?"

द्यायचा. आणि ठरलेल्या तारखेलाच द्यायचा. का ते सांगते, म्हणजे ती रात्र परत आली तरी घाबरायला होणार नाही.

आपल्याकडे बाळंतपण माहेरी होतं, सव्वा महिना झाला की बाळ पहिल्यांदा घराबाहेर पडतं, आणि त्यानंतर आठवडाभरातच ही पहिली मोठी सुई येते. जन्मल्या जन्मल्या दिलेल्या लसी (बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब ची सुई, ही शेवटची पहिल्या २४ तासांतच) बहुतेक बाळं निमूट सोसतात, त्यामुळे आईला वाटतं लस म्हणजे एवढंच. मग ६ आठवड्यांना मांडीत पेंटा दिली जाते आणि संध्याकाळी बाळ गरम लागतं. ही एकच लस पाच आजारांवर आहे, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब नावाचा जंतू, जो लहान बाळांना न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करतो. ताप येतो तो मुख्यतः यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे, कारण त्यात तो जंतू मारून अख्खाच्या अख्खा घातलेला असतो. मेलेला असल्यामुळे आजार करू शकत नाही, पण बाळाचं शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखतं आणि कामाला लागतं, त्या कामाची ऊब म्हणजे हा ताप. खाजगीत जी "न दुखणारी" सुई म्हणतात तिच्यात अख्खा जंतू नसतो, त्याचे थोडेच भाग असतात, म्हणून ताप कमी येतो. पण म्हणून सरकारी सुई हलकी आहे असं अजिबात नाही, मी स्वतः ती बिनधास्त देते. आणि हो, ताप आलाच नाही तर लस लागू पडली नाही असंही नसतं.

मागच्या एप्रिलमधली एक रात्र सांगते. देवगड तालुक्यातलं गाव, माहेरी आलेली मुलगी, पहिलंच बाळ, मुलगी, वजन साडेचार किलो. सकाळी ११ वाजता उपकेंद्रात सिस्टरांनी डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही, उजव्या दंडावर पोलिओची बारीकशी सुई, आणि तोंडात पोलिओ आणि जुलाबावरच्या रोटा लसीचे थेंब असं सगळं दिलं, अर्धा तास बसवून ठेवलं आणि घरी सोडलं. रात्री साडेनऊला बाळाच्या आजीचा फोन, "डॉक्टरांनू, चेडवाक ताप इलो." मागून बाळाचा रडण्याचा आवाज. मी आधी विचारलं, काखेत थर्मामीटर लावलात का? लावलं होतं, १००.८. दूध पिते का? पिते, पण सारखं सोडते आणि रडते. लंगोट ओला होतोय का? होतोय. उचलून घेतल्यावर शांत होते का? हो, मांडीला हात लागला की परत ओरडते. एवढ्या चार उत्तरांवर माझी काळजी जवळपास संपली होती.

मग विचारलं, अंगावर काय काय आहे? कानटोपी, स्वेटर, त्यावर दुपटं आणि वर गोधडी. एप्रिलचा उकाडा, लाईट गेलेली, आणि आजींचं म्हणणं "वारो लागलो असतलो." वारं लागलेलं नव्हतं हो. सुती झबलं तेवढं ठेवा बाकी सगळं काढा म्हटलं, खिडकी उघडा, कोमट पाण्याच्या फडक्याने अंग पुसा, आणि आई दर थोड्या वेळाने पाजत राहू दे. गुंडाळलेल्या बाळाचा ताप उतरायला वाटच नसते, हे मी आजीलोकांना दरवर्षी सांगते आणि दरवर्षी परत सांगावं लागतं, कारण त्यांची माया खरी असते.

आता औषध, आणि इथे प्लीज नीट वाचा. त्यांच्याकडे पॅरासिटामॉल होतं, जावयाने मुंबईहून आणलेलं, आणि शेजारणीने सांगितलं होतं अर्धा चमचा द्या. मी म्हटलं बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. ते ड्रॉप्स निघाले, १ एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम. शेजारणीच्या घरी असतं ते सिरप, ५ एमएलमध्ये १२० मिलिग्रॅम. नाव एकच, चव जवळपास एकच, पण ड्रॉप्स चौपटीपेक्षा जास्त कडक. बाळाला एका वेळी साधारण किलोला १० ते १५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे या साडेचार किलोच्या पोरीला ५० मिलिग्रॅम पुरे, ड्रॉप्सचे फक्त अर्धा एमएल. अर्धा चमचा म्हणजे अडीच एमएल, त्यात गेले असते २५० मिलिग्रॅम, पाचपट! पॅरासिटामॉल जास्त झालं तर लिव्हरला इजा होते आणि सुरुवातीला बाहेरून काही दिसतही नाही. म्हणून चमच्याचा हिशोब सोडून द्या, बाटलीवरचा आकडा वाचा, बाळाचं वजन सांगा आणि किती एमएल ते डॉक्टरांकडून किंवा सिस्टरांकडून कार्डावर लिहूनच घ्या, सुईच्या दिवशीच, रात्री फोन लागेलच असं नाही. परत द्यायची वेळ आली तर ६ तासांनी. ताप यायच्या आधीच खबरदारी म्हणून देऊन ठेवू नका. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा, घरात पडलेलं दुसरं कुठलं तापाचं औषध, काही नको.

रात्री ११ ला ती झोपली. पहाटे अंग किंचित कोमट, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ९८.४. हा ताप असाच वागतो, सुईनंतर काही तासांत चढतो आणि एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. मांडीत एक बारीक गाठ राहिली, ती कधीकधी काही आठवडे हाताला लागते आणि विरून जाते. तिच्यावर चोळणं, तेल, गरम शेक, हळदीचा लेप यातलं काही करायचं नाही, दुखत असेल तर गार पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं ठेवा, बस.

पण ताप सुईचाच आहे हे कशावरून, हा प्रश्न बरोबर आहे. मी घड्याळ बघते. ४८ तासांच्या आत आला आणि ४८ तासांच्या आत गेला, मधल्या वेळात बाळ पितंय, लंगोट ओला करतंय, उचलल्यावर ओळख दाखवतंय, तर सुईचा. दोन दिवस उलटून गेले तरी ताप आहे, किंवा आकडा १०२ च्या वर गेला, किंवा बाळ दूधच ओढत नाही, मलूल पडलंय, श्वास भरभर चाललाय, झटका आला, तीन तासांच्या वर न थांबता किंचाळतंय, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच गाडी काढा. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला सुई नसताना १००.४ किंवा जास्त ताप आला तर तो कधीच साधा धरायचा नाही, लगेच दाखवायचं. सुईच्या नावावर खपवलेला दुसराच ताप, याची मला जास्त भीती वाटते.

झटका, अंग एकदम सैल पडणं, असं काही मागच्या वेळी झालं असेल तर पुढच्या डोसच्या आधी सांगा, तिथे विचार करावा लागतो. सुईनंतर लगेच अंगभर गांधी उठून श्वास अडकला असेल तर ती लस परत देत नाहीत. अशी बाळं फार फार थोडी. १०० चा ताप आणि रात्रभरची रडारड यात बसत नाही.

मग "थोडं मोठं होऊदे" का नको? कारण डांग्या खोकला सगळ्यात वाईट वागतो तो पहिल्या सहा महिन्यांतच. मोठ्या मुलाला उबळ येते, खोकून झाल्यावर श्वास ओढताना आवाज येतो. तान्ह्याला कधीकधी तेवढाही जोर नसतो, ते नुसतं निळं पडतं, श्वास थांबतो. अडीच महिन्यांचं असं एक बाळ मी बघितलंय, गणपतीनंतरच्या आठवड्यात. घरात मुंबईहून चाकरमानी आले होते, एका काकांना तीन आठवडे खोकला होता, साधा वाटणारा, आणि बाळ सगळ्यांच्या मांडीवर फिरलं होतं. लहानपणी मिळालेलं संरक्षण मोठेपणी ओसरतं, म्हणून मोठ्या माणसाला फक्त चिवट खोकला होतो आणि तो घेऊन तो पाळण्यापाशी येतो. त्या बाळाची पहिली सुई "ताप येतो म्हणे" या कारणाने राहिली होती. ते वाचलं, पण त्याची आई आठ दिवस झोपली नाही, मी पण फारशी नाही.

एका डोसवर भागत नाही. पहिला डोस शरीराला फक्त ओळख करून देतो, दुसऱ्या तिसऱ्याने ती पक्की होते, म्हणून ६, १० आणि १४ आठवडे, आपल्या भाषेत दीड, अडीच आणि साडेतीन महिने. अडीचला पेंटा, पोलिओ आणि रोटा, म्हणजे सुई एकच. साडेतीनला परत दीड महिन्यासारखंच सगळं. मग थेट ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, सोबत पीसीव्हीचा बूस्टर आणि पोलिओची तिसरी सुई. गोवर-रुबेलाचा ताप उशिरा येतो बरं का, साधारण आठवड्या-दीड आठवड्याने, कधी थोडं पुरळही येतं, तोपर्यंत आई सुई विसरलेली असते. दीड वर्षाच्या सुमारास बूस्टर, तेव्हाचं तेव्हा बोलू.

साडेतीन महिन्यांचा डोस मात्र आपल्या भागात हमखास हुकतो, कारण तोवर बाळ-बाळंतीण सासरी किंवा मुंबईला निघालेली असतात आणि कार्ड माहेरच्या कपाटात राहतं. कार्ड सोबत न्या, पुढची सुई गावात, मुंबईत कुठेही मिळते. तारीख हुकली असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस घ्यायचा आणि पुढचा किमान ४ आठवड्यांनी. नुसती सर्दी आहे म्हणून परत फिरू नका, तेवढ्याने लस थांबत नाही.

देवगडची ती पोर मे महिन्यात दुसऱ्या डोसला आली, सुई टोचताना आईने छातीशी धरून पाजत ठेवली होती, एकदाच ओरडली. त्या रात्री ताप ९९.६, औषधही लागलं नाही. कार्डाच्या मागे मी ड्रॉप्सचे एमएल नव्या वजनाप्रमाणे बदलून लिहून दिले, आणि आजी या वेळी गोधडी घरीच ठेवून आल्या होत्या.