हळदीच्या पाऊचची गळती आणि फिशबोनचे चार काटे

सांगली भागातल्या एका मसाला कारखान्यात १०० ग्रॅम हळद पावडरीची पॅकिंग लाइन एकाच तक्रारीने पुन्हा पुन्हा थांबायची. पाऊचचं आडवं सील गळायचं. दर वेळी सील दाबणाऱ्या गरम जॉचं तापमान दहा अंशांनी वाढवलं जाई, चार दिवस बरे जात आणि मग पुन्हा तेच. शेवटी आम्ही फिशबोन, म्हणजे माशाच्या सांगाड्यासारखी कारणांची आकृती, काढायला बसलो. डोक्याशी समस्या लिहायची आणि काट्यांवर कारणं.

माशाच्या डोक्याशी नुसतं ‘गळती’ लिहून काही हाती लागत नाही. म्हणून आधी गळणारे पाऊच नीट पाहिले. पाण्याच्या पारदर्शक भांड्यात पाऊच बुडवून व्हॅक्यूम लावला की बुडबुडे नेमके कुठून निघतात ते दिसतं. तिथे मार्करने खूण करायची, पाऊच पुसायचा आणि सील हाताने सोलायचं. सोललेला भाग बरंच काही सांगतो. दोन्ही पापुद्रे न फाटता स्वच्छ सुटले तर सील थंड बसलेलं असतं. घडी दिसली तर फिल्मचा ताण बिघडलेला असतो. आमच्या बहुतेक पाऊचमध्ये पापुद्र्यांच्या मध्ये पिवळी बारीक रेघ होती, म्हणजे सीलमध्ये पावडर अडकत होती. मग डोक्याशी लिहिलं: ‘आडव्या सीलमध्ये हळद अडकून गळती.’

आता चार काटे. माणसांचा काटा सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त भरतो. ‘ऑपरेटर लक्ष देत नाही’ हे पहिल्या पाच मिनिटांतच फळ्यावर येतं. आम्ही ते पुसलं, कारण ते तपासता येत नाही. त्याऐवजी लिहिलं, ‘जॉ ब्रशने पुसण्याची वेळ शिफ्टनुसार बदलते.’ हे लॉगबुकमध्ये बघता येतं. बघितलं, तर दोन्ही शिफ्टमध्ये सफाई सारखीच होती आणि गळतीही सारखीच.

मशीनच्या काट्यावर थर्मोकपल, टेफ्लॉन टेप, जॉचा दाब आणि पावडर मोजून सोडणाऱ्या ऑगर स्क्रूमधून मागाहून ठिबकणारी पावडर असं लिहिलं. कार्बन कागद जॉमध्ये दाबून ठसा घेतला, तो दोन्ही टोकांना एकसारखा उमटला. ऑगर थांबवून खाली पांढरा कागद धरला, पण ठिबक नगण्य होती. मटेरियलमध्ये लॅमिनेट आणि हळदीचा लॉट, तर पद्धतीत लाइनचा वेग आणि भरणं संपल्यापासून जॉ मिटेपर्यंतचा अवकाश.

या टप्प्यावर एका गोष्टीने दिशा दिली. सलग निघालेले पाऊच क्रमाने मांडून तपासले, तर गळती जोडीने येत होती. एका पाऊचचं वरचं सील गळे आणि लगेच पुढच्याचं खालचं. या मशीनमध्ये जॉ एकदा मिटला की भरलेल्या पाऊचचं वरचं आणि पुढच्या रिकाम्या पाऊचचं खालचं सील एकाच वेळी होतं. म्हणजे जॉ मिटताना त्या पट्ट्यात हवेत धूळ होती, आणि तिने दोन्ही सीलं एकदम खराब केली. जॉवर चिकटलेली घाण असती तर गळती प्रत्येक पाऊचमध्ये एकाच जागी दिसली असती.

मग धूळ खाली बसायला वेळ का पुरत नव्हता? लाइनचा वेग मिनिटाला ४० वरून ५० पाऊच केला होता, म्हणजे एका चक्राला १.५ सेकंदांऐवजी १.२ सेकंद. त्याच सुमारास दळण बारीक झालं होतं. १०० मिलीच्या मोजपात्रात न ठोकता भरलं तर जुना लॉट ५२ ग्रॅम भरे, नवा ४४. ऑगर घनफळाने मोजतो, त्यामुळे १०० ग्रॅमसाठी त्याला जास्त फिरावं लागतं. भरणं उशिरा संपतं आणि हलकी पावडर ट्यूबमधून वर येणाऱ्या हवेबरोबर तरंगत राहते.

दोन्ही लॉट दोन्ही वेगांवर चालवले. जाड लॉट ५० वर ठीक चालला. बारीक लॉट ४० वर ठीक चालला. बारीक लॉट ५० वर गेला की जोडीची गळती परत. एकटा लॉट दोषी नाही, एकटा वेगही नाही. कारण मटेरियल आणि पद्धत यांच्या मध्ये बसलं होतं. फिशबोन काटे वेगळे काढतो, त्यामुळे असं कारण नजरेतून निसटतं. म्हणून संशयित कारणं एकेक करून आणि मग जोडीने तपासावीत, असा माझा आग्रह असतो. तापमान वाढवल्यावर थोडा फरक का पडे, तेही इथे उलगडलं. जास्त वितळलेला पॉलिथिनचा थर थोडी धूळ पोटात घेतो, पण लॉट आणखी हलका आला की तेवढं पुरत नाही.

उपाय साधे होते. प्रत्येक लॉटचं मोजपात्रातलं वजन शिफ्ट सुरू होण्याआधी घ्यायचं, ते ४८ ग्रॅमच्या खाली असेल तर वेग ४० ठेवायचा. फॉर्मिंग ट्यूबच्या तोंडाशी धूळ ओढणारी नळी बसवली. तापमान मूळ सेटिंगवर आणलं.

जोडीची गळती थांबली. मात्र थोडे पाऊच अजून गळतात, तेही नेमके जिथे मागचं उभं सील आडव्या सीलला छेदतं तिथे. त्या ठिकाणी दोनाऐवजी जास्त थर येतात आणि पायरीपाशी बारीक पोकळी राहते. सोलल्यावर तिथे पिवळी रेघ नसते, म्हणून त्यासाठी वेगळा फिशबोन काढला आहे. त्यात पहिली तपासणी जॉच्या दाबाची आहे.