स्लिपवरचे दोनशे रुपये

कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्याची पगाराची स्लिप. नाव आमच्या हिचं, ग्रॉस 23,400, आणि कपातीत पीएफच्या खाली 'पी. टॅक्स 200', म्हणजे व्यवसाय कर. जून ते सप्टेंबर, चार महिन्यांचे 800 गेले होते.

महाराष्ट्रात 1 एप्रिल 2023 पासून महिलांना महिना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. त्याआधी ही मर्यादा 10,000 होती. पुरुषांना 7,500 पर्यंत माफी, 10,000 पर्यंत 175, त्यापुढे 200. म्हणजे 23,400 वर हिचा कर शून्य.

अकाउंट्समध्ये हे सांगितलं तर उत्तर ठरलेलं : "वहिनी, सगळ्यांचाच कापतो." दुसऱ्या फेरीला : "सिस्टीम आपोआप कापते." सिस्टीम आपोआप काही कापत नाही, तिला कुणीतरी मर्यादा भरून दिलेली असते! तिसऱ्या फेरीला आम्ही दोनच गोष्टी पाहायला लावल्या : मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टीममधल्या मूळ नोंदीत, स्त्री-पुरुष रकाना काय दाखवतो आणि महिलांची मर्यादा किती भरली आहे. रकाना बरोबर होता, मर्यादा मात्र जुनी, 10,000. म्हणजे दहा ते पंचवीस हजारांतल्या प्रत्येक बाईचा कर कापला जात होता. शेजारच्या टेबलवरच्या दोघींनी लगेच आपापल्या स्लिपा काढल्या. पैसे ऑक्टोबरच्या पगारात परत आले. मागणी तोंडी करू नका, महिने आणि रकमा लिहून अर्ज द्या. आमच्या पहिल्या दोन फेऱ्या तोंडी बोलण्यातच वाया गेल्या.

त्याच ऑक्टोबरात ओव्हरटाइम धरून ग्रॉस 25,300 झाला आणि 200 कापले गेले. ते मात्र बरोबर होतं, कारण हिशेब महिन्यामहिन्याचा असतो आणि तो ग्रॉसवर, हातात पडणाऱ्या रकमेवर नाही. बोनस मात्र या पगारात धरत नाहीत. दिवाळीच्या महिन्यात बोनस मिळवून कुणी 25,000 ओलांडून दाखवला, तर तिथेच हटकावं.

फेब्रुवारीत 200 ऐवजी 300 दिसले तर भांडू नका. अकरा महिने 200 आणि एक 300, असे 2,500 होतात. राज्यघटनेच्या कलम 276 नुसार वर्षाला एका माणसाकडून याहून जास्त घेता येत नाही. या मर्यादेच्या आत कर लावायचा की नाही, कितीवर लावायचा, हे ज्या त्या राज्याने ठरवायचं. म्हणून 22,000 पगाराचा पुतण्या बेळगावात होता तेव्हा कर शून्य, कारण कर्नाटकात माफी 25,000 च्या खाली सगळ्यांनाच आहे. मिरजेच्या शाखेत आला आणि त्याच पगारावर 200 सुरू झाले. गोव्यात आणि दिल्लीत तर हा करच नाही.

आणि हो, वय 65 च्या पुढे गेलेल्यांना हा कर माफ आहे; कामावरच्या वॉचमनकाकांची स्लिपही एकदा बघा.