उलटी ओढ

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. त्यानंतर पंधरवड्यानं दापोलीजवळच्या एका वाडीत पडलेलं छप्पर बघायला गेलो होतो. घर जांभ्याचं, रुंदी 7 मीटर. दोन वर्षांपूर्वी घरमालक काकांनी सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं काढून अँगलच्या कैच्या बसवल्या होत्या आणि वर पत्रा घातला होता. शेजारी चुलतभावाचं तसंच जुनं घर. त्याची कडेची कौलं उडाली होती, पण लाकूड जागेवर.

"साहेब, लोखंडापेक्षा लाकूड भारी कसं?" काकांनी विचारलं.

मी आधी पडलेल्या कैच्या पाहिल्या. मला वाटलं होतं बोल्ट उपटले असतील. पण बहुतेक बोल्ट शाबूत होते. खालचा आडवा अँगल मात्र प्रत्येक कैचीत एका बाजूला धनुष्यासारखा वाकला होता.

हा अँगल एरवी ताणात असतो. छपराचं वजन वरच्या तिरप्या अँगलांतून खाली उतरतं, त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात आणि खालचा अँगल त्यांना बांधून धरतो. दोरीचंच काम, म्हणून फॅब्रिकेटरनं बारीक 40×40×5 मिलिमीटरचा लावला. पण वारा छपराला वर उचलतो तेव्हा हिशोब फिरतो. समजा उचल चौरस मीटरला 100 किलो आहे. कौलं आणि लाकूड मिळून वजन साधारण 65, म्हणजे वर 35 उरले. पत्रा आणि लोखंड जेमतेम 15, म्हणजे उरले 85. कैच्या 3 मीटरवर होत्या, तेव्हा एकेका कैचीवर जवळपास 1800 किलो उलटे. आता तोच अँगल दाबात येतो, आणि दोरीला दाबून काय होणार?

वरच्या अँगलांना पत्र्याखालच्या आडव्या पर्लिनचा आधार होता. खालच्याला 7 मीटरभर आजूबाजूनं काहीच नव्हतं. त्याची लांबी आणि काटछेदाच्या आकारावरून निघणारी त्रिज्या (इथे सुमारे 12 मिलिमीटर) यांचं गुणोत्तर 580 च्या वर जातं. ते जितकं जास्त, तितका अँगल दाबाखाली लवकर वाकतो. वाऱ्यानं उलट दाब येऊ शकणाऱ्या अशा बंधासाठी पोलादी बांधकामाच्या आयएस 800 या भारतीय मानकाची मर्यादा 350 आहे.

शेजारच्या घरात खालची तुळई जाडजूड होती, शिवाय तिच्यावर माळ्याच्या फळ्या ठोकलेल्या. सुताराने माळा भाताची कणगी ठेवायला केला असेल, पण त्यानं तुळई बाजूनं धरली गेली. त्या लाकडालाही एका टोकाला वाळवी लागली होती, ते मी चुलतभावाला दाखवलं. खरं तर तो सांधा गेला असता, तर आज दोन्ही घरांत मला बोलावलं असतं.

नव्या कैच्यांत काकांसाठी खालचा अँगल जाड केला, त्याला तिसऱ्या हिश्श्यांवर घराच्या लांबीनं दोन ट्यूब जोडल्या. आणि कैच्यांमधल्या शेवटच्या गाळ्यांत खालच्या पातळीवर तिरप्या लोखंडाच्या फुल्या मारून घेतल्या, कारण नुसत्या ट्यूबनं सगळ्या कैच्या एकमेकींना धरून एकत्रच कलंडल्या असत्या. फॅब्रिकेटर म्हणाला, "फुलीचं लोखंड वाया." काकांनी त्याला काही उत्तर दिलं नाही, वाकलेला जुना अँगल तेवढा अंगणातून उचलून त्याच्यासमोर टाकला.