स्टुटगार्टचे १० दिवस आणि रिक्रूटरला पाठवायच्या चार ओळी

दोन कंपन्यांनी प्रत्यक्ष मुलाखतीला बोलावलं, म्हणून पुण्याहून स्टुटगार्टला १० दिवस जाऊन आलो. विमानतळावरून S2 किंवा S3 लोकल पकडली की अर्ध्या तासात मुख्य स्टेशन, त्यामुळे प्रवासाचा त्रास नव्हता. घोळ झाला तो माझ्या मेसेजमुळे.

तिथे असताना आणखी चार रिक्रूटरांना लिहिलं, "सध्या स्टुटगार्टमध्ये आहे, कुठेही स्थलांतराला तयार, व्हिसा स्पॉन्सरशिप हवी." एकाने लगेच फोन केला आणि विचारलं, "पुढच्या महिन्यात रुजू व्हाल ना?" मी तिथेच राहतो असा त्याचा समज झाला होता. माझा शेंगेन व्हिसा आहे, म्हटल्यावर बोलणं तिथेच संपलं. त्या व्हिसावर मुलाखत देता येते, नोकरी करता येत नाही, आणि आपल्याला तो जर्मनीत बसून नोकरीच्या परवान्यात बदलूनही मिळत नाही. परत येऊन मुंबईच्या वकिलातीमार्फतच अर्ज करावा लागतो.

दुसरी चूक 'स्पॉन्सरशिप' या शब्दाची. मुलाखतीला भेटलेल्या एचआर बाईंनी समजावलं की हा शब्द वाचला की छोट्या कंपन्यांना वकील आणि खर्च दिसतो. ब्रिटनमध्ये कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स लागतं, जर्मनीत तसलं काही नाही. ब्लू कार्डासाठी, म्हणजे पदवीधरांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यासाठी, कंपनीने करार द्यायचा आणि नोकरीची माहिती देणारा एक फॉर्म भरायचा, व्हिसाचा अर्ज आपणच करायचा. हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं!

त्याच संध्याकाळी मेसेज नव्याने लिहिला. त्यातलं anabin म्हणजे परदेशी विद्यापीठं आणि पदव्यांची जर्मनीतली ऑनलाइन यादी, आणि H+ म्हणजे तिथे मान्यता असलेलं विद्यापीठ. मराठीत मेसेजचा मजकूर असा:

"राहतो पुण्यात, जर्मनीचा नोकरीचा परवाना अजून नाही. ब्लू कार्डास पात्र: संगणक अभियांत्रिकीची पदवी, anabin वर विद्यापीठ H+. व्हिसाचा अर्ज मी करेन, तुमच्याकडून करार आणि एक फॉर्म लागेल. नोटीस ९० दिवस, स्टुटगार्ट किंवा म्युनिकला पत्नी-मुलासह येणार."

'कुठेही तयार' यापेक्षा दोन शहरांची नावं जास्त खरी वाटतात, हे माझं मत. उरलेल्या तिघांना हाच पाठवला. दोघांची उत्तरं आली, आणि दोघांनीही व्हिसाचं काही न विचारता थेट पगारावर बोलणं सुरू केलं.

मेसेज लिहिण्याआधी anabin नक्की तपासा. विद्यापीठ H+ असणं पुरेसं नाही, तुमची पदवीही तिथे समकक्ष म्हणून दिसली पाहिजे. नसेल तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या ZAB या जर्मन कार्यालयाकडून पदवीचा तुलनात्मक दाखला घ्यावा लागतो, आणि तो हातात येईपर्यंत 'पात्र' लिहू नका, 'दाखल्यासाठी अर्ज केला आहे' असं लिहा. पगाराचाही किमान आकडा असतो: २०२५ साली वर्षाला ४८,३०० युरो, आयटीसारख्या टंचाईच्या क्षेत्रांत ४३,७५९.८० युरो. तो दरवर्षी बदलतो, म्हणून मेसेजमध्ये घालू नका, पण फोनवर त्याच्या खाली उतरू नका.