पत्ता बदलला, नंबर बदलला, दुकान तेच

आमचं घड्याळ रिपेअरिंगचं दुकान सदाशिव पेठेत एका वाड्याच्या दर्शनी बाजूला होतं, आजोबांनी सुरू केलेलं. आता रिपेअरिंग बाबा करतात आणि पावत्या, फोन, व्हॉट्सअ‍ॅप मी बघते. वाडा रिडेव्हलपमेंटला गेला आणि आम्ही कर्वेनगरला गाळा घेतला. सामान हलवायचं टेन्शन नव्हतंच, टेन्शन होतं लँडलाइनचं, कारण एक्स्चेंज बदललं की नंबर बदलणार, आणि मोबाईलसारखी पोर्ट करून तोच नंबर ठेवायची सोय लँडलाइनला नाही. त्यात आमचं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसही त्याच लँडलाइनवर चालू होतं (तिथे ओटीपी फोन करून सांगतात, त्यामुळे लँडलाइन चालते).

किराणावाल्याला हे एवढं जड जात नाही, त्याचं गिऱ्हाईक आठवड्याला येतं, महिन्याभरात सगळ्या पेठेला कळतं. आमच्याकडे माणूस सेल टाकायला दोन-तीन वर्षांनी येतो, चावीचं घड्याळ ओव्हरहॉलला त्याहून उशिरा. म्हणजे आज लावलेली पाटी ज्याने वाचायची तो कदाचित पुढच्या वर्षी उगवणार, आणि तोवर ती भिंतच नसणार.

लाइन बंद व्हायच्या आधीचा जो रविवार होता तो मला आयुष्यभर लक्षात राहील. त्या दिवशी दुकान बंद ठेवून आम्ही दोघं फक्त निरोप द्यायला बसलो.

आधी व्हॉट्सअ‍ॅप. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. ब्रॉडकास्ट ज्याच्याकडे आपला नंबर सेव्ह आहे त्यालाच पोचतो. आधी नवीन नंबर घेतला आणि त्यावरून निरोप टाकला तर तो कोणालाच जाणार नाही, कारण नवीन नंबर अजून कोणाकडेच सेव्ह नाही. म्हणून जुन्या नंबरावरूनच ब्रॉडकास्ट केला, एका लिस्टमध्ये २५६ च माणसं बसतात म्हणून याद्या वेगळ्या करून. निरोपात नवा पत्ता, मॅपची लिंक आणि "हा नवीन नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा" एवढंच. ते सगळं गेल्यावर मग सेटिंगमध्ये जाऊन Change number केलं, त्यात शेवटी कोणाकोणाला कळवायचं ते विचारतात तिथे ज्यांच्याशी चॅट झालंय त्या सगळ्यांना टिक केलं. अ‍ॅप काढून नवीन नंबरावर पहिल्यापासून सुरू करायचं नाही, Change number केलं तर चॅट तशीच राहतात आणि कोणाचं कुठलं घड्याळ आपल्याकडे आहे त्याचे फोटो जात नाहीत.

पण खरा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर नसलेल्यांचा होता. बाबांच्या टेबलाला खालचा एक ड्रॉवर आहे, तयार होऊन पडलेल्या पण कोणी न नेलेल्या घड्याळांचा. प्रत्येक घड्याळ कागदी पाकिटात, पाकिटावर नाव, काय काम केलं, किती पैसे, आणि फोन. गिऱ्हाइकाकडच्या पावतीवर आमचा जुना पत्ता आणि जुना नंबर. म्हणजे ही अशी माणसं की ज्यांची वस्तू आमच्याकडे आहे आणि आम्ही कुठे गेलो ते त्यांना माहीत नाही. बाबा म्हणाले, "अगं बाकीच्यांना सांगायचं राहिलं तर आपलं गिऱ्हाईक जाईल, पण यांना नाही सांगितलं तर त्यांचं घड्याळ जाईल."

एकेक पाकीट काढून मी फोन लावत होते. काही नंबर बंद, काही भलत्यालाच लागले. मग तळाशी एक पाकीट आलं, आत एचएमटीचं चावीचं घड्याळ, पांढरी डायल, काच नवी टाकलेली, आणि फोन नंबर सातच आकडी. मी ते बाजूला ठेवणार होते तेवढ्यात बाबा म्हणाले पुढे २ लाव. पुण्याचे सात आकडी नंबर आठ आकडी झाले तेव्हा पुढे २ लागला होता, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. लावला, रिंग गेली, एका बाईंनी उचलला. मी पाकिटावरचं नाव वाचलं तर म्हणाल्या ते माझे सासरे, जाऊन बरीच वर्षं झाली, घड्याळ घरात शोधशोध शोधलं होतं, वाटलं हॉस्पिटलमध्येच राहिलं. त्यांनी नवीन पत्ता लिहून घेतला, मला परत वाचून दाखवला, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांचा मुलगा कर्वेनगरला आला. बाबांनी त्याच्यासमोर चावी दिली, तेल सुकलेलं होतं म्हणून घड्याळ अडखळत होतं, तर ते साफ करून दोन दिवसांनी दिलं आणि पैसे पाकिटावर लिहिलेले तेवढेच घेतले.

त्यानंतर मी सात आकडी सगळी पाकिटं परत काढली. सगळे नाही लागले, पण लागले ते सगळे हरखून गेले होते.

आता पाटीबद्दल. लोक लावतात ती पाटी अशी असते, वर मोठ्या अक्षरात "दुकान बंद झाले आहे" आणि खाली बारीक अक्षरात नवा पत्ता. गाडीवरून जाणारा वरची ओळ वाचतो आणि निघून जातो. आमच्या फ्लेक्सवर पहिली ओळ होती "घड्याळ दुरुस्ती चालू आहे", मग दुकानाचं नाव जुन्या पाटीवर होतं त्याच रंगात त्याच अक्षरात, मग "आता कर्वेनगर", जवळची ठळक खूण, आणि फोन नंबर सगळ्यात मोठा, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढा. शटरवर लावलेला कागद तर वाडा पाडला त्या दिवशीच गेला. बिल्डरने प्लॉटभोवती पत्रे ठोकले तेव्हा त्याची परवानगी घेऊन फ्लेक्स पत्र्यावर लावला, तोसुद्धा पावसाने फाटतो, दर महिन्याला जाऊन बघावं लागतं.

सगळ्यात जास्त माणसं मात्र समोरच्या इस्त्रीवाल्या काकांनी पाठवली. पत्र्यांसमोर गोंधळून उभा राहिलेला माणूस फ्लेक्स वाचत नाही, शेजारी विचारतो. म्हणून काकांकडे आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे मी कार्डांची गठ्ठी देऊन ठेवलीय, संपली की ते फोन करतात.

गूगल मॅपवर आहे त्याच प्रोफाइलमध्ये पत्ता आणि फोन बदलला, नवीन प्रोफाइल काढलं नाही, नाहीतर जुने रिव्ह्यू मागेच राहतात आणि मॅपवर दोन दोन दुकानं दिसतात. पत्ता बदलल्यावर परत व्हेरिफिकेशन मागितलं, रस्ता, पाटी, शटर उघडताना असा व्हिडिओ करून द्यावा लागला. मध्येच कोणीतरी पाडलेला वाडा बघून चांगल्या मनाने "कायमचं बंद" असं सुचवलं होतं, ते आठवडाभर तसंच दिसत होतं, म्हणून आता अधूनमधून दुसऱ्याच्या फोनवरून आपलं दुकान सर्च करून बघते.

नवीन पावतीवर लँडलाइन नाहीच, मोबाईल नंबर छापलाय, कंपनी बदलली तरी तो टिकतो. आणि घड्याळ घेताना गिऱ्हाइकाचे दोन नंबर लिहून घेते, एक त्यांचा आणि एक घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी.